खिरीच्या वाटीत किती कॅलरी? हिशेब पातेल्यापासून

पितृपक्षात इंदूरच्या मराठी घरांमध्ये तांदळाची खीर होतेच. रामबागेतल्या जुन्या वाड्यात असो की सुदामानगरच्या फ्लॅटमध्ये, दोन लिटर दुधाचं पातेलं गॅसवर चढतं आणि घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा ज्यांना डॉक्टरांनी वजन किंवा साखर सांभाळायला सांगितलेली असते ते, विचारतं की एका वाटीत किती कॅलरी जातील. मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी शंभर ग्रॅमला 120 दिसतात आणि दुसरीकडे 230. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण त्या दोन वेगळ्या खिरी आहेत. आपल्या खिरीचा आकडा आपल्याच पातेल्यातून काढावा लागतो. ते अवघड नाही. एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, कागद आणि पेन्सिल एवढं पुरतं.

सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. दूध आटतं तेव्हा त्यातून फक्त पाणी वाफ होऊन जातं. स्निग्धांश, प्रथिनं आणि दुधातली साखर पातेल्यातच राहतात. म्हणजे दोन लिटर दुधातल्या कॅलरी अर्धा तास उकळल्यावरही तेवढ्याच असतात. घटतं ते वजन, आणि तेवढ्याच कॅलरी कमी वजनात मावल्यामुळे प्रत्येक वाटी जड होते. म्हणून हिशेबाचे दोन भाग पडतात: पातेल्यात एकूण किती गेलं, आणि शेवटी पातेल्यात किती वजन उरलं. पहिला भाग पुष्कळजण करतात, दुसरा बहुतेकजण विसरतात. आकडा चुकतो तो दुसऱ्या भागात.

आधी रिकामं पातेलं

ज्या पातेल्यात खीर करणार ते कोरडं करून काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. झाकण आणि डाव वगळून. हे पहिल्यांदाच करायचं, कारण खीर तयार झाल्यावर रिकाम्या पातेल्याचं वजन कळायला मार्ग उरत नाही. आपल्या उदाहरणात जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आहे आणि ते 1140 ग्रॅम भरलं. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला तर पुढच्या वेळीही कामाला येतो.

घरचा काटा सहसा पाच किलोपर्यंत जातो. दोन लिटरच्या खिरीसह पातेलं तीन किलोच्या आत राहतं, त्यामुळे चालतं. चार लिटरची खीर असेल तर शेवटी ती दोन डब्यांत ओतून वेगवेगळी मोजावी.

दूध: थैलीवरचा आकडा वाचा

सांचीची किंवा दुसऱ्या कुठल्याही डेअरीची फुल क्रीम थैली घेतली तर नियमाप्रमाणे त्यात किमान 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के इतर घनपदार्थ असतात. अशा दुधात शंभर मिलीलिटरला साधारण 87 किलोकॅलरी येतात. आपण रोजच्या बोलण्यात जिला कॅलरी म्हणतो ती हीच किलोकॅलरी. थैलीवर पोषणाचा तक्ता असतो, तो मिळाला तर तोच आकडा घ्या. टोन्ड दूध 3 टक्के स्निग्धांशाचं असतं आणि तिथे हाच आकडा 58 च्या आसपास येतो.

दूधवाल्याकडून सुटं दूध घेत असाल तर एक सोपा अंदाज वापरा. स्निग्धांशाच्या टक्क्याला 9 ने गुणायचं आणि त्यात 33 मिळवायचे. 6 टक्क्यांना 54 अधिक 33, म्हणजे 87. सात टक्क्यांचं म्हशीचं दूध असेल तर 96 येतात, पण म्हशीच्या दुधात प्रथिनं थोडी जास्त असल्यामुळे तिथे 33 ऐवजी 35 धरणं बरं. गाईचं चार टक्क्यांचं दूध 69 च्या जवळ जातं. म्हणजे नुसतं 'दोन लिटर दूध' म्हटलं तर त्यात साडेतेराशेपासून दोन हजारांपर्यंत काहीही असू शकतं. डेअरीवर फॅट मोजून दूध देणारा असेल तर त्याला टक्केवारी विचारून घ्या.

आता सायीचं. आदल्या दिवशी दूध तापवून वरची साय काढून ठेवली आणि उरलेल्या दुधाची खीर केली, तर थैलीवरचा आकडा त्या दुधाला लागू पडत नाही. तूप काढायला साठवलेल्या शंभर ग्रॅम सायीत एक तृतीयांश स्निग्धांश धरला तरी तीनशेच्या वर कॅलरी निघून गेलेल्या असतात. खिरीसाठी त्याच दिवशी थैली फोडावी, किंवा काढलेली साय परत त्याच दुधात घालावी. आटवताना वर धरणारी आणि कडेला चिकटणारी साय मात्र वेगळी काढायची नाही, ती खरवडून आत ढकलत राहायची. चव तिच्यातच असते आणि हिशेबही बिघडत नाही.

आपल्या उदाहरणात फुल क्रीमच्या अर्ध्या लिटरच्या चार थैल्या आहेत. दोन लिटर म्हणजे 1740 कॅलरी. वजनाने हे दूध 2060 ग्रॅमच्या आसपास भरतं, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं.

तांदूळ कोरडा असतानाच मोजा

कालीमूंछ असो, चिन्नौर असो की पुण्याहून कोणी आणलेला आंबेमोहर, कच्च्या तांदळाच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच: शंभर ग्रॅमला साधारण 355. सुवास वेगळा, शिजायला लागणारा वेळ वेगळा, पण या हिशेबात फरक पडत नाही. फरक पडतो तो मोजण्याच्या वेळेने. धुवून अर्धा तास भिजवलेला तांदूळ पाणी पिऊन जड झालेला असतो, तेव्हा वजन केलं तर तुम्ही पाण्याला कॅलरी लावता. उलट बाजूची चूक अधिक घडते. शिजलेल्या भाताच्या तक्त्यातला शंभर ग्रॅमला 130 हा आकडा उचलला जातो आणि कच्च्या वजनाला लावला जातो. मग तांदळाच्या कॅलरी तिपटीने कमी दिसतात. डब्यातून काढलेला कोरडा तांदूळ मोजा, कच्च्या तांदळाचा आकडा लावा, मग खुशाल भिजवा.

दोन लिटरला आपण 100 ग्रॅम तांदूळ घेतला, म्हणजे 355. काही घरी तो भिजवून भरड वाटतात, काही घरी अखंड ठेवून तुपावर परततात. 10 ग्रॅम तूप, म्हणजे दोन लहान चमचे, यांचे 90. तूप चमच्याने न मोजता काट्यावर बघितलेलं चांगलं, कारण थिजलेल्या तुपाचा शीग भरलेला चमचा दुप्पट भरू शकतो.

साखर

साखर हिशेबाला सगळ्यात सरळ आहे: ग्रॅमला 4 कॅलरी. गोंधळ होतो तो वाटीमुळे. दीडशे मिलीलिटरच्या वाटीत सपाट भरलेली साखर 125 ते 130 ग्रॅम बसते आणि शीग भरली तर दीडशेच्या पुढे जाते. 'दीड वाटी साखर' असं सासूबाईंनी सांगितलं तर त्यांचीच वाटी, त्यांच्याच हाताने भरून, एकदा काट्यावर ठेवून बघा. आपल्या पातेल्यात 200 ग्रॅम साखर पडली, म्हणजे 800.

साखर तांदूळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, आधी घातली तर दाणा शिजायला फार वेळ घेतो. आणि साखर विरघळली की खीर एकदम सैल दिसायला लागते. घट्ट वाटणारं पातेलं साखरेनंतर पातळ दिसलं म्हणून पुन्हा बराच वेळ आटवलं जातं, आणि त्या जास्तीच्या आटवण्याने वजन खाली येतं. शेवटचं वजन म्हणून नेहमी साखर घालून, पुन्हा एक उकळी येऊन, गॅस बंद केल्यावरच घ्यायचं.

कन्डेन्स्ड मिल्कचा डबा घालत असाल तर त्यात शंभर ग्रॅमला सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्याचा अर्ध्याहून जास्त भाग साखरच असतो. डबा घालून वर नेहमीइतकी साखरही पडली, तर चव कळायच्या आधी पातेलं जड झालेलं असतं.

सुकामेवा: थोडा दिसतो, जड बसतो

सियागंजातून पाव पाव किलोच्या पुड्या आणल्या की खिरीत मूठमूठ टाकली जाते. मूठ कोणाची, यावर आकडा फिरतो, म्हणून इथे काटा हवाच. आपण 30 ग्रॅम काजू, 30 ग्रॅम बदाम, 30 ग्रॅम किसमिस आणि 10 ग्रॅम चारोळी घेतली. काजू ग्रॅमला पावणेसहाच्या जवळ, म्हणजे 172. बदाम किंचित वर, 177. चारोळीत तेल खूप असतं, ग्रॅमला साडेसहा, म्हणून दहा ग्रॅमचेच 65. किसमिसमध्ये स्निग्धांश नाही, ग्रॅमला 3 धरून 90. मिळून शंभर ग्रॅम सुक्यामेव्याचे 504. वेलदोडा, केशर, जायफळ यांना शून्य धरायला हरकत नाही.

मेवा तुपात तळून घालत असाल तर ते तूपही मोजा. तळल्यावर कढईत उरलेलं तूप वजा करायचं असेल, तर कढई तळण्याआधी आणि तळल्यानंतर काट्यावर ठेवावी लागेल. आपण वरच्याच 10 ग्रॅम तुपात मेवा परतला आणि त्याच तुपात तांदूळ परतून सगळं तूप पातेल्यात गेलं, त्यामुळे प्रश्न उरला नाही.

आता बेरीज

दूध 1740
तांदूळ 355
तूप 90
साखर 800
सुकामेवा 504
एकूण 3489

गॅस मंद ठेवा की मोठा, दहा मिनिटं आटवा की चाळीस, हा 3489 चा आकडा हलणार नाही. म्हणून हा भाग खीर चढवण्याआधीच पुरा करून ठेवता येतो.

शेवटचं वजन

इथे घाई करू नका. गॅस बंद केल्यावरही खिरीतून वाफ जात राहते, म्हणून उकळत्या पातेल्याचं वजन आणि वाढायच्या वेळचं वजन यांत फरक पडतो. पातेलं कोमट होऊ द्या. काट्यावर लाकडी पाट किंवा जाड नॅपकिनची घडी ठेवून काटा शून्यावर आणा, कारण गरम बूड थेट ठेवलं की स्वस्त काट्याचा आकडा डळमळतो. डाव आणि झाकण काढून पातेलं ठेवा.

आपलं पातेलं 2990 ग्रॅम भरलं. त्यातून रिकाम्याचे 1140 वजा केले की खीर 1850 ग्रॅम. आत गेलेल्या जिनसांची बेरीज 2470 होती, शिवाय भिजवलेल्या तांदळाने प्यालेलं थोडं पाणी. म्हणजे सव्वासहाशे ते साडेसहाशे ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. ही उलटतपासणी दरवेळी करा. शेवटचं वजन जिनसांच्या बेरजेहून जास्त आलं, तर कुठेतरी पातेल्याचं वजन वजा करायचं राहिलं आहे किंवा मध्येच कोणीतरी दूध वाढवलं आहे.

3489 ला 1850 ने भागलं की ग्रॅमला 1.886, म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण 189 कॅलरी.

समजा कोणाला बासुंदीसारखी दाट आवडते आणि हीच खीर 1550 ग्रॅमपर्यंत आटवली, तर शंभर ग्रॅमला 225 होतात. जिन्नस तेच, एकूण कॅलरी त्याच, आणि तरी एका वाटीत जवळपास पाचव्या हिश्श्याने फरक पडला. मोबाईलवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्यामागे दुधाच्या जातीबरोबर हेही एक मोठं कारण आहे.

बुडाला लागलेली खरवड हिशेबात कुठे धरायची, असा प्रश्न येतो. वजन त्याच पातेल्यात केलं असेल तर ती आपोआप धरली जाते. खीर दुसऱ्या भांड्यात ओतून मोजली आणि 60 ग्रॅम खरवड मागे राहिली, तर तिच्या कॅलरी तुम्ही उरलेल्या खिरीच्या माथी मारता आणि शंभर ग्रॅमला 195 येतात. थोडा फरक आहे, पण टाळता येण्यासारखा. अशा वेळी रिकामं झालेलं पातेलं पुन्हा काट्यावर ठेवा, मागे किती राहिलं ते लगेच कळतं, आणि ते वजन ओतलेल्या खिरीत मिळवून मग भागाकार करा.

वाटी

वाटीचं माप डोळ्याने धरू नका. वाढायची वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि नेहमी भरता तेवढी खीर भरा. दीडशे मिलीलिटरच्या वाटीत खीर साधारण 165 ग्रॅम बसते, पाण्यापेक्षा ती जड आहे. 165 ला 1.886 ने गुणलं की 311 कॅलरी. पूर्ण पातेल्यात अशा अकरा वाट्या निघतात. पानात वाढताना काठापासून बोटभर खाली, 120 ग्रॅम वाढली, तर 226.

एक अडचण सुक्यामेव्याची उरते. काजूचे तुकडे वर तरंगतात, किसमिस फुगून खाली बसते, आणि डाव ज्या थरातून जातो त्यावर वाटी बदलते. ज्यांच्यासाठी आकडा खरोखर महत्त्वाचा आहे त्यांची वाटी मेवा घालण्याआधी काढा. मेव्याशिवाय खीर 1750 ग्रॅम आणि 2985 कॅलरी, म्हणजे शंभर ग्रॅमला 171. त्या वाटीवर मेवा वेगळा मोजून घाला, ग्रॅमला पाच कॅलरी धरून. मला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, कारण मग 'आत्याच्या वाटीत जरा जास्तच काजू आले' हा प्रश्नच येत नाही.

मधुमेह असलेल्या माणसासाठी कॅलरीइतकीच वरून घातलेली साखरही बघावी लागते. 1850 ग्रॅम खिरीत 200 ग्रॅम साखर आहे, म्हणजे 165 ग्रॅमच्या वाटीत जवळपास 18 ग्रॅम, साडेतीन चमच्यांच्या वर. शिवाय दुधाची स्वतःची साखर आणि तांदळाचं पिष्ट मिळून त्या वाटीत आणखी पंधरा-सोळा ग्रॅम कर्बोदकं येतात, आणि किसमिसची वेगळी. ती साखर न घालताही येतातच. शुगरफ्री घातलेली खीर कितीही खाल्ली तरी चालते, असं समजणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

कशाने खरंच कमी होतं

फुल क्रीमऐवजी टोन्ड दूध घेतलं की दोन लिटरमागे 580 कॅलरी वाचतात. एकूण 2909 राहतात. वजन तेच 1850 ठेवलं तर शंभर ग्रॅमला 157, म्हणजे वाटीला 311 ऐवजी 259. पण टोन्ड दुधाची खीर पातळ लागते, म्हणून ती अधिक आटवली जाते. नेहमीच्या दाटपणासाठी 1650 ग्रॅमपर्यंत आणली तर शंभर ग्रॅमला 176 आणि वाटीला 291. बावन्न कॅलरींची बचत वीसवर आली, आणि वरून एक वाटी खीर कमी झाली. टोन्ड दुधाचा फायदा हवा असेल तर ती पातळच राहू द्यावी, किंवा तांदूळ भरड वाटून घालावा म्हणजे पिष्टाने दाटपणा येतो आणि आटवावं लागत नाही.

साखर 200 वरून 150 वर आणली तर एकूण 200 कॅलरी कमी होतात, पण खिरीचं वजनही पन्नास ग्रॅमने कमी होतं. शंभर ग्रॅमला 183, वाटीला 301. साखरेसाठी हा बदल चांगला आहे, वजनासाठी फारसा नाही, कारण या खिरीत निम्म्या कॅलरी दुधाच्या आहेत. वाटी 165 वरून 120 ग्रॅमवर आणली तर मात्र एका दमात 85 कॅलरी जातात आणि खिरीची चव जशीच्या तशी राहते.

दुसऱ्या दिवशीची खीर

फ्रिजमधली खीर सकाळी चमचा उभा राहील इतकी घट्ट होते. तांदळाचं पिष्ट थंड झाल्यावर पाणी धरून बसतं त्यामुळे असं होतं, पाणी उडालेलं नसतं. झाकून ठेवली असेल तर शंभर ग्रॅमला अजूनही 189 च आहेत. घट्ट दिसते म्हणून कॅलरी वाढल्या असं धरू नका. उरलेली खीर काट्यावर ठेवा आणि सैल करायला जे घालाल ते तिच्या हिशेबात मिळवा. समजा 600 ग्रॅम उरली आहे, म्हणजे 1132 कॅलरी. त्यात 100 मिलीलिटर फुल क्रीम दूध घातलं तर 1219 कॅलरी आणि 703 ग्रॅम, शंभर ग्रॅमला 173. तेवढंच गरम पाणी घातलं तर 700 ग्रॅमला 1132, म्हणजे 162. पाणी घालून एकदा गरम केली की ती चवीला बरीच फिकी पडते, म्हणून मी दूधच घालते आणि वाटी थोडी लहान घेते.